आधी गोळी, मग गोल : खरे आकडे दाखवूनही कसं फसवता येतं

"सचिनने शतक ठोकलं की इंडिया हरते." हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, चहाच्या टपरीवर ऐकलंय, लोकलमध्ये ऐकलंय, आणि गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर परत आलं, सोबत पाच मॅचेसची यादी. २००९ ला हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७५ मारले, आपण तीन रनांनी हरलो. २०११ च्या वर्ल्डकपला नागपुरात साऊथ आफ्रिकेविरुद्ध १११, हरलो. २०१२ ला मीरपूरला शंभरावं शतक, बांगलादेशकडून हरलो. १९९९ ची चेन्नई टेस्ट, पाठ धरलेली असताना १३६, बारा रनांनी हरलो. शारजाची ती वादळातली इनिंग, १४३, ती मॅचसुद्धा आपण हरलोच होतो.

यातला एकही आकडा खोटा नाही, आणि तरीही यादीवरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. हे कसं शक्य आहे तेच आज सांगायचंय, कारण हीच ट्रिक औषधांच्या आणि तब्येतीच्या बाबतीत वापरली जाते आणि तिथे पणाला मॅच लागलेली नसते, माणूस लागलेला असतो.

पेटीचा वरचा थर

आधी सचिनचं निकालात काढू. चेन्नईची टेस्ट बाजूला ठेवू, यादीतल्या बाकी चारही मॅचेस वनडे आहेत. वनडेमध्ये त्याची शतकं ४९. त्यातल्या ३३ मॅचेस आपण जिंकलो, १४ हरलो, एक टाय झाली आणि एकीचा निकालच लागला नाही. म्हणजे तीनपैकी दोन जिंकलो. आता हे कशाशी ताडून बघायचं? तर सचिन खेळला त्या सगळ्या ४६३ वनडेंशी. त्यात आपण २३४ जिंकलो, म्हणजे साधारण निम्म्या. एरवी निम्म्या मॅचेस जिंकायचो, त्याने शतक मारलं की तीनातल्या दोन जिंकायचो. बोलतात त्याच्या बरोबर उलटं.

मग लोकांना असं का वाटतं? कारण हरलेली १४ शतकं काळजात रुतून बसलीत. शारजालाच बघा, २२ एप्रिल १९९८ ला १४३ आणि पराभव, पण दोनच दिवसांनी फायनलला त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३४ आणि विजय. यादी बनवणारा पहिली मॅच घेतो, दुसरी सोडतो. मुद्दाम सोडतो असंही नाही, त्याला ती त्या क्षणी आठवतच नाही.

याला इंग्रजीवरून चेरी-पिकिंग म्हणतात. आपल्याकडे चेरी कोण वेचतंय, आपण आंब्याची पेटी डोळ्यापुढे आणू. वरचा थर पिवळाधमक, एकसारखा, डाग नाही. तो थर खराच आहे, आंबे खरेच आहेत, पण पेटीची किंमत खालच्या थरावर ठरते आणि गवत बाजूला सारून तो बघितल्याशिवाय पेटीबद्दल काही बोलता येत नाही. यादीतल्या चार वनडे म्हणजे वरचा थर, ४९ म्हणजे अख्खी पेटी.

आणि फुगा नंतर लावला तर?

दुसरी ट्रिक पहिलीची सख्खी बहीण आहे, पण पकडायला जास्त अवघड.

जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल असतो, बोर्डावर फुगे लावलेले, हातात छर्ऱ्याची बंदूक. समजा स्टॉलवाल्याने बोर्ड कोराच ठेवला आणि सांगितलं, आधी तुम्ही दहा छर्रे मारा, मग जिथे लागले असतील तिथे मी खडूने गोल काढतो. तुमचा नेम दहापैकी दहा! इंग्रजीत ही गोष्ट टेक्सासच्या नेमबाजाच्या नावाने सांगतात, तो कोठाराच्या भिंतीवर गोळ्या झाडतो, जिथे जास्त भोकं दाटीने पडलीत तिथे नंतर टार्गेट रंगवतो आणि मिरवतो.

फरक लक्षात घ्या. चेरी-पिकिंगमध्ये डेटा लपवलेला असतो, शोधलात तर खालचा थर सापडतो. इथे काहीच लपवलेलं नाही, सगळे छर्रे समोर आहेत, फक्त प्रश्न कुठला विचारायचा हे उत्तर बघून ठरवलंय.

क्रिकेटमध्ये हे रोज चालतं. टीव्हीच्या स्क्रीनवर पट्टी येते, "अमुक वर्षापासून, परदेशात, दुसऱ्या डावात, डावखुऱ्या स्पिनरसमोर" तमुकची सरासरी ७०. हे "अमुक वर्षापासून" कुठून आलं? बहुतेक वेळा तिथून, जिथे आधीचं वाईट वर्ष कापलं जातं. एक टोकाचं उदाहरण देतो. लॉर्ड्सवर अजित आगरकरचं टेस्ट शतक आहे, २००२ सालचं नाबाद १०९. सचिनचं तिथे शतक नाही, पाच टेस्टमध्ये मिळून १९५ रन आणि सर्वोच्च ३७. फक्त लॉर्ड्सचा गोल काढला तर आगरकर भारी बॅट्समन. पण सचिनची इंग्लंडमधली एकूण सरासरी ५४ च्या आसपास आहे आणि आगरकरची टेस्ट करिअरची १७ च्याही खाली. कुणीही म्हणेल की हा काय मूर्खपणा, एका मैदानावरून कुणी ठरवतं का? बरोबर. हाच मूर्खपणा फुप्फुसाच्या औषधाबाबत झाला आणि तो ओळखायला पाच वर्षं लागली.

३३० पेशंट आणि एक प्रेसनोट

हे प्रकरण अमेरिकेतलं आहे आणि मला वाटतं या विषयात याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही, म्हणून जरा निवांत सांगतो.

आयपीएफ नावाचा आजार आहे. फुप्फुसं आतून हळूहळू कडक होत जातात, जखमेवर व्रण धरतो तशी, आणि श्वास पुरेनासा होतो. २००२ मध्ये यावर धड औषध नव्हतं. इंटरम्यून नावाच्या कंपनीकडे इंटरफेरॉन गॅमा हे इंजेक्शन होतं, ते दुसऱ्याच दोन दुर्मीळ आजारांसाठी मंजूर झालेलं, आणि आयपीएफसाठी वापरलं तर वर्षाचा खर्च पन्नास हजार डॉलरच्या घरात. कंपनीने ३३० पेशंटवर ट्रायल घेतली. १६२ जणांना औषध, १६८ जणांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन.

ट्रायल सुरू करायच्या आधी कागदावर लिहून ठेवावं लागतं की यश कशाला म्हणायचं. याला प्रायमरी एंडपॉइंट म्हणतात, आपल्या भाषेत आधी लावलेला फुगा. इथे फुगा असा होता : आजार वाढणं किंवा मृत्यू, यापैकी काहीही न होता पेशंट किती काळ राहतो. निकाल आला, आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फुगा फुटला नाही. आधी लिहून ठेवलेल्या बाकीच्या मोजमापांतही हाती काही लागलं नाही.

मग नुसते मृत्यू मोजले. औषधाच्या गटात १६, प्लासिबोच्या गटात २८. बघायला फरक मोठा वाटतो, पण एवढ्या पेशंटांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. इथे एक शब्द लागणार, पी-व्हॅल्यू. औषधाचा काहीच परिणाम नसेल तर असा किंवा याहून मोठा फरक नुसत्या नशिबाने दिसायची शक्यता किती, हा तो आकडा. तो शेकडा पाचच्या खाली असावा असा रिवाज आहे, इथे तो आठ होता.

यानंतर कंपनीचे प्रमुख स्कॉट हार्कोनेन यांनी पेशंट आजाराच्या तीव्रतेनुसार वेगळे काढून परत मोजायला लावलं. हे गट ट्रायलच्या आधी ठरलेले नव्हते, आणि रेष कुठे मारायची तेही निकाल हातात आल्यावर ठरलं. फुप्फुसाची क्षमता अपेक्षेच्या निदान ५५ टक्के उरली आहे ते "सौम्य ते मध्यम" आजाराचे, आणि या गटात १२६ पैकी ६ मृत्यू औषधावर, १२८ पैकी २१ मृत्यू प्लासिबोवर. म्हणजे मृत्यू ७० टक्क्यांनी कमी! पी-व्हॅल्यू हजारात चार. २८ ऑगस्ट २००२ ला प्रेसनोट गेली, मथळ्यातच की या औषधाने जीव वाचतात, आणि खाली सौम्य ते मध्यम आजारात मृत्यूंत ७० टक्के घट. आदल्याच दिवशी अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, म्हणजे एफडीएच्या लोकांनी कंपनीला सांगितलं होतं की एवढ्यावर मंजुरी मिळणार नाही, आणखी ट्रायल घ्यावी लागेल.

आता पेन घ्या आणि वजाबाकी करा, मी पहिल्यांदा केली तेव्हा थोडा वेळ गप्प बसून राहिलो होतो. औषधावर एकूण १६ गेले, त्यातले ६ सौम्य-मध्यम गटातले, उरले १०. ते उरलेल्या ३६ गंभीर पेशंटांतले. प्लासिबोवर एकूण २८, वजा २१, उरले ७, आणि ते ४० गंभीर पेशंटांतले. म्हणजे गंभीर गटात औषध घेणाऱ्यांचे मृत्यू शंभरात २८ च्या आसपास आणि न घेणाऱ्यांचे १७-१८. एकाच रेषेच्या वरच्या बाजूला औषध जीव वाचवतंय असं दिसतं आणि खालच्या बाजूला जीव घेतंय असं दिसतं. मथळ्यात फक्त वरची बाजू आली.

पण खरंच त्या गटाला फायदा होत असेल तर?

हा प्रश्न रास्त आहे. आजार फार पुढे गेल्यावर औषध लागू पडत नाही, लवकर दिलं तर लागू पडतं, हे कुठल्याही डॉक्टरला पटण्यासारखं आहे. हीच या ट्रिकची ताकद आहे, गोल काढून झाला की त्याला साजेसं कारण माणसाला दोन मिनिटांत सुचतं. उलटा निकाल आला असता तर "सौम्य आजारात औषधाला करण्यासारखं काही नसतंच, गंभीर पेशंटलाच फरक पडतो" हेही तितकंच पटलं असतं.

उत्तर शोधायचा एकच मार्ग. तोच गोल आता आधी काढायचा, नवीन भिंतीवर, आणि परत गोळ्या झाडायच्या. कंपनीने ते केलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. इन्स्पायर नावाची नवी ट्रायल, ८२६ पेशंट, मुद्दाम सौम्य ते मध्यम आजाराचेच निवडलेले, आणि यावेळी मृत्यू हाच मुख्य एंडपॉइंट आधी लिहून ठेवलेला. २००७ मध्ये मधल्या टप्प्यावर आकडे बघितले आणि ट्रायल थांबवली, कारण फायदा दिसायची आशाच उरली नव्हती. औषध घेणाऱ्यांपैकी १५ टक्के गेले, न घेणाऱ्यांपैकी १३ टक्के. ती ७० टक्के घट कुठेच नव्हती.

मधल्या पाच वर्षांत लोकांनी हे इंजेक्शन घेतलं, त्याचे पैसे मोजले, त्यातून येणारा ताप आणि अंगदुखी सोसली.

राशीवरून ॲस्पिरिन

तरी कुणी म्हणेल की हजारात चार म्हणजे फारच कमी शक्यता, नुसत्या योगायोगाने एवढं होतं का? होतं, पुरेसे तुकडे पाडले की होतं. औषधात काही दम नसताना वीस वेगवेगळे गट तपासले, प्रत्येकात फसायची शक्यता शेकडा पाच, तर निदान एका गटात तरी "फायदा" दिसायची शक्यता शेकडा ६४ होते. पी-व्हॅल्यू हा आकडा एकच प्रश्न आधी ठरवून विचारला असं धरून काढलेला असतो. किती प्रश्न विचारून झाले हे त्याला कळत नाही.

याचं सगळ्यात सुंदर प्रात्यक्षिक १९८८ चं आहे. आयसिस-२ नावाची मोठी ट्रायल झाली, हार्ट अटॅकचा संशय असलेले १७,१८७ पेशंट. ॲस्पिरिनचा फायदा अगदी स्पष्ट दिसला, पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ९.४ टक्के मृत्यू, न घेणाऱ्यांत ११.८ टक्के. छापणाऱ्या जर्नलने म्हटलं की वेगवेगळ्या गटांचे आकडेही द्या. संशोधकांना त्यातला धोका माहीत होता, म्हणून त्यांनी गट दिले, पण सोबत राशींचेही दिले. जन्मतारखेवरून काढतात ती रास, आपल्या पत्रिकेतली चंद्ररास नव्हे. तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने किंचित तोटाच होतो असं दिसलं, आणि बाकी दहा राशींना भरपूर फायदा.

मिथुन राशीचा माणूस हार्ट अटॅक येऊन दवाखान्यात आला तर त्याला ॲस्पिरिन नाकारणार का? कुणीच डॉक्टर नाकारणार नाही, कारण राशीत दम नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे. पण त्याच कागदावर "राशी" खोडून "रक्तगट" किंवा "पासष्टच्या वरच्या बायका" असं लिहिलं असतं तर आपल्यातल्या बहुतेकांनी मान डोलावली असती.

आकडे खरे होते ना? मग फसवणूक कसली?

हार्कोनेन यांच्या वकिलांचा मुद्दा साधारण हाच होता, की प्रेसनोटमधला एकही आकडा चुकीचा नाही, अर्थ लावण्यात मतभेद असू शकतात. २००९ मध्ये ज्यूरीने त्यांना एका आरोपातून, म्हणजे औषधावर चुकीचं लेबल लावल्याच्या आरोपातून सोडलं, पण फसव्या प्रेसनोटबद्दल दोषी धरलं. शिक्षा झाली सहा महिने घरातच स्थानबद्धतेची. अपिलातही ते हरले, पुढे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली. अशा प्रकरणात तुरुंग असावा का यावर अमेरिकेतल्या सांख्यिकीवाल्यांतही दोन तट होते, आणि मला ती भीती समजते, उद्या प्रत्येक उत्साही संशोधक कोर्टात उभा राहील. पण माझं मत स्पष्ट आहे. गट नंतर पाडला हे मथळ्याशेजारी लिहायला एक ओळ पुरली असती, आणि ती ओळ वाचून पेशंटचा निर्णय बदलू शकला असता. ती गाळली, तिथे फसवणूक झाली.

म्हणजे डेटात नंतर काही शोधायचंच नाही?

असं अजिबात नाही. नंतर काढलेला गोल म्हणजे अंदाज असतो, आणि अंदाज करायला कुणाची बंदी नाही, फक्त ज्या गोळ्यांवरून अंदाज काढला त्याच गोळ्या पुरावा म्हणून परत मोजायच्या नाहीत.

दिलीप वेंगसरकरचं घ्या. १९७९ ला लॉर्ड्सवर १०३, १९८२ ला १५७. तिथे थांबून कुणी म्हटलं असतं की हा लॉर्ड्सचा राजा, तर मी म्हटलं असतं की इतके बॅट्समन, इतकी मैदानं, कुणाची तरी कुठे तरी दोन शतकं होणारच. पण आता गोल काढलेला होता, सगळ्यांना दिसत होता, आणि १९८६ ला त्याच मैदानावर त्याने नाबाद १२६ मारले. हा तिसरा डाव वेगळ्या वजनाचा आहे, कारण तो गोल आधी काढल्यावर लागलेला आहे. तीन शतकांत मी पुरावा म्हणून मोजेन तो याला एकट्याला.

औषधांच्या बाबतीत गोल आधी काढला होता का हे आपल्यालाही बघता येतं, हे फार लोकांना माहीत नसतं. भारतात औषधाच्या ट्रायलची नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी करावी लागते, ही सक्ती जून २००९ पासून आहे. ctri.nic.in वर जाऊन औषधाचं नाव टाका, ट्रायल उघडा, त्यात Primary Outcome नावाचा रकाना असतो. जाहिरातीतला दावा आणि त्या रकान्यातलं वाक्य शेजारी शेजारी ठेवा. रकान्यात "बारा आठवड्यांनंतरची एचबीए१सी", म्हणजे डायबेटिसची एक रक्ततपासणी, आणि जाहिरातीत "चार आठवड्यांत थकवा कमी" असं असेल तर फुगा हलवलाय हे समजायचं. नोंदणीची तारीखही बघा, ट्रायल सुरू झाल्यानंतरची असेल तर जास्त सावध. आणि ट्रायलच सापडली नाही तर तो दावा नक्की कशावर उभा आहे हे आधी विचारायला हवं. मर्यादा एवढीच की काही नोंदी मोघम लिहिलेल्या असतात, "तब्येतीत सुधारणा" असं लिहिलं की कुठलाही छर्रा लागतो.

मावशीची वही

हे सगळं मी वाचत बसलो ते मावशीमुळे. तिला डायबेटिस, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून ती रोज सकाळी कारल्याचा रस घ्यायला लागली. तिच्याकडे शाळेची दुरेघी वही आहे, त्यात रोजची शुगर लिहिते, आणि एक दिवस तिने मला ती दाखवली, १३१, १२८, १३४, १२६, प्रत्येकापुढे हिरव्या पेनने बरोबरची खूण. बघ, रसाने उतरली. मी मधली पानं चाळली तर १७२ होता, १६५ होता, १८० पण होता, त्यांच्यापुढे खूण नव्हती, काही ठिकाणी "लग्नात जेवण" किंवा "झोप नाही" असं लिहिलेलं. ती खोटं बोलत नव्हती, बिचारीला मनापासून बरं व्हायचंय. चांगला आकडा आला की रसामुळे, वाईट आला की लग्नामुळे. मी तिला विचारलं, मावशी, जेवणाचं जसं लिहिलंस तसं १२८ च्या दिवशी काय खाल्लं होतंस ते का नाही लिहिलं? ती म्हणाली, अरे त्या दिवशी लिहायची गरजच नव्हती ना.

मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. एचबीए१सी ही रक्ततपासणी साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशोब देते, त्यात लग्नाचे दिवसही येतात आणि उपासाचेही, त्यातून सोयीचे दिवस वेचता येत नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या आहेत तशाच चालू ठेवायच्या, रसही चालू ठेवायचा, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट. निदान अर्ध्या टक्क्याने उतरली तरच रसाच्या खात्यात खूण करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत परत तपासायचं, त्याहून कमी फरक असेल तर सकाळचं ते कडू तोंड बंद. हे तिने वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, खाली तारीख टाकली, सही केली आणि मलाही करायला लावली.